इसाराची रक्कम आणि वस्तू व सेवा कर

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षात आपण शिकतो की, आगाऊ मिळालेली रक्कम हे उत्पन्न नव्हे, ते देणे होय. गिऱ्हाइकाने काम होण्यापूर्वी पैसे दिले, तर ते ताळेबंदात दायित्वाच्या बाजूला बसतात आणि काम पुरे झाल्यावरच उत्पन्नात जातात. हा नियम योग्य आहे आणि परीक्षेत तो तसाच लिहावयाचा आहे. परंतु हाच नियम मनात पक्का धरून एखादा पदवीधर मंडपवाल्याच्या किंवा शिकवणीवर्गाच्या वह्या लिहावयास बसला, तर पहिल्याच तिमाहीत तो मालकाला व्याजाच्या भुर्दंडात पाडतो. कारण वस्तू व सेवा कराचा कायदा सेवेच्या बाबतीत आगाऊ रकमेकडे निराळ्या नजरेने पाहतो. उत्पन्न अजून झालेले नसते, पण कर मात्र देय झालेला असतो.

मी आपल्या महाविद्यालयाचा जुना वाणिज्य विद्यार्थी. सध्या बडोद्याच्या पश्चिम भागात, सुभानपुरा येथे राहून लहान व्यावसायिकांच्या हिशेबाचे काम पाहतो. गोरवा, एलोरा पार्क आणि रेसकोर्स यांच्या सान्निध्यातली ही वस्ती. येथे सराफ आहेत, फर्निचरवाले आहेत, वातानुकूलन यंत्रे विकणारे व दुरुस्त करणारे आहेत, आणि लग्नसराईवर जगणारे मंडपवाले व सजावटवालेही आहेत. या सर्वांचा व्यवहार इसारावर चालतो. तरीही फर्निचरवाल्याच्या इसाराला एक नियम आणि मंडपवाल्याच्या इसाराला दुसरा, असे का, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. त्याचे उत्तर येथे एका मंडपवाल्याच्या उदाहरणावरून सविस्तर देत आहे. उदाहरणातील व्यवहार नेहमी घडतो तसाच आहे. आकडे मात्र समजण्यास सोपे जावेत म्हणून ठरवून घेतले आहेत.

पुरवठ्याची वेळ म्हणजे काय?

कोणताही कर भरावयाचा म्हणजे तीन गोष्टी ठाऊक हव्यात : कशावर, किती आणि केव्हा. यांपैकी 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर कायदा 'पुरवठ्याची वेळ' या संज्ञेने देतो. वस्तूंसाठी केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ याचे कलम १२ आहे, आणि सेवांसाठी कलम १३. ज्या महिन्यात पुरवठ्याची वेळ येते, त्या महिन्याच्या विवरणपत्रात कर दाखवावा लागतो.

सेवेबाबत कलम १३ चा मुख्य नियम असा : बीजक मुदतीत दिले असेल, तर बीजकाची तारीख किंवा पैसे मिळाल्याची तारीख, यांपैकी जी आधीची ती पुरवठ्याची वेळ. बीजक देण्याची मुदत सर्वसाधारण सेवेसाठी काम पुरे झाल्यापासून ३० दिवसांची आहे. या मुदतीत बीजक दिले नाही, तर बीजकाच्या तारखेऐवजी सेवा पुरी केल्याची तारीख धरतात. आणि तेव्हाही पैसे त्यापूर्वी मिळाले असतील, तर पैशांची तारीखच चालते.

म्हणजे बोली भाषेत सांगावयाचे तर, पैसा आधी आला तर पैशाने वेळ ठरते, आणि बिल आधी निघाले तर बिलाने. लग्न केव्हा लागले याला मुदतीत बीजक देणाऱ्याच्या बाबतीत जवळजवळ काही महत्त्व उरत नाही.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. आगाऊ रक्कम मिळाली म्हणून संपूर्ण कामाचा पुरवठा झाला, असे कायदा मानत नाही. जेवढी रक्कम हाती आली, तेवढ्यापुरताच पुरवठा झाला असे धरले जाते. उरलेल्या रकमेची वेळ पुढे तिच्या तिच्या क्रमाने येते.

आता 'पैसे मिळाल्याची तारीख' कोणती? कायद्याने तिचेही उत्तर दिले आहे. रक्कम पुरवठादाराच्या वह्यांत ज्या दिवशी नोंदली ती तारीख, किंवा बँकेच्या खात्यात ज्या दिवशी जमा झाली ती तारीख, यांपैकी आधीची. समजा, २९ नोव्हेंबरला धनादेश हाती आला आणि त्याच दिवशी वहीत जमा लिहिला. बँकेत तो २ डिसेंबरला वटला. तर तारीख २९ नोव्हेंबर. उलट, ३० नोव्हेंबरच्या रात्री गिऱ्हाइकाने मोबाईलवरून पैसे पाठविले, ते त्याच क्षणी खात्यात जमा झाले, पण मुनीमजींनी नोंद १ डिसेंबरला केली. तरीही तारीख ३० नोव्हेंबरच. दोन्ही बाबतीत कर नोव्हेंबरच्या विवरणपत्रात जातो. महिनाअखेरीस आलेल्या रकमांची वही आणि बँकेचा उतारा शेजारी ठेवून तपासणी करावी लागते, ती याच कारणासाठी.

एका मंडपाचा हिशेब

आता आपले मंडपवाले घेऊ. त्यांची नोंदणी झालेली आहे आणि ते दर महिन्याला विवरणपत्र भरतात. केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणीच लागत नाही आणि हा प्रश्नही उद्भवत नाही. पण आपल्या मंडपवाल्यांनी ती मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. मंडप आणि सजावटीच्या सेवेवर ते १८ टक्के कर लावतात.

बडोद्यातल्याच एका कुटुंबाने ८ फेब्रुवारी २०२६ च्या लग्नासाठी मंडप व सजावट ठरविली. करासह एकूण रक्कम २,३६,००० रुपये ठरली. म्हणजे कामाचे मूल्य २,००,००० आणि कर ३६,०००. पैसे असे आले : १२ नोव्हेंबर २०२५ रोजी इसार ५९,००० रुपये, २८ जानेवारी २०२६ रोजी दुसरा हप्ता १,१८,००० रुपये, आणि लग्नानंतर १२ फेब्रुवारीला बाकी ५९,००० रुपये. बीजकही १२ फेब्रुवारीलाच दिले. लग्न ८ तारखेचे असल्याने बीजकाची मुदत १० मार्चपर्यंत होती. तेव्हा ते वेळेत आहे.

पहिला इसार हाती आला तेव्हा मंडपवाल्यांनी काय करावयाचे? बीजक द्यावयाचे नाही. कलम ३१ प्रमाणे आगाऊ रकमेसाठी 'पावती व्हाउचर' द्यावयाचे. नियम ५० मध्ये त्याचा मजकूर सांगितला आहे : पुरवठादाराचे नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक, अनुक्रमांक, तारीख, गिऱ्हाइकाचे नाव व पत्ता, सेवेचे वर्णन, आगाऊ रक्कम, कराचा दर, कराची रक्कम, पुरवठ्याचे ठिकाण आणि सही. साध्या वहीतल्या 'रुपये मिळाले' या पावतीत कराचा दर व कराची रक्कम नसते. म्हणून ती पुरेशी होत नाही. आगाऊ घेताना कोणत्या कामासाठी आणि कोणत्या दराने हेच निश्चित नसेल, तर १८ टक्के दर धरावा, आणि पुरवठा राज्यातला की राज्याबाहेरचा हे ठरत नसेल, तर तो आंतरराज्य धरावा, असेही हा नियम सांगतो.

कर किती? येथे नवख्या लेखनिकाचा हात हमखास चुकतो. तो ५९,००० ला १८ टक्क्यांनी गुणतो आणि १०,६२० रुपये काढतो. पण ५९,००० ही करासह रक्कम आहे. कर तिच्या पोटात आहे. तो बाहेर काढण्याची रीत अशी :

कर = मिळालेली रक्कम × १८ ÷ ११८

५९,००० × १८ ÷ ११८ = ९,००० रुपये. म्हणजे मूल्य ५०,००० आणि कर ९,०००. व्यवहार गुजरात राज्यातलाच असल्याने या ९,००० चे दोन समान भाग होतात : ४,५०० केंद्राचा कर आणि ४,५०० राज्याचा. चुकीच्या रीतीने मंडपवाल्यांनी १,६२० रुपये अकारण जास्त भरले असते.

हे ९,००० रुपये नोव्हेंबर महिन्याच्या हिशेबात जातात. GSTR-1 या विवरणपत्रात 11A नावाचा तक्ता आहे. त्यात आगाऊचे मूल्य ५०,००० आणि त्यावरील कर दाखवावयाचा. GSTR-3B या विवरणपत्रातून तो कर २० डिसेंबर २०२५ पर्यंत भरावयाचा. खरेदीवर आधी भरलेल्या कराची जमा शिल्लक असेल, तर ती येथे वापरता येते. रोख भरलेच पाहिजे असे नाही.

जानेवारीत आलेल्या १,१८,००० रुपयांना हीच रीत. कर १८,००० रुपये, मूल्य १,००,०००. तो 11A मध्ये जानेवारीच्या रकान्यात, आणि भरण्याची तारीख २० फेब्रुवारी.

फेब्रुवारीत पूर्ण बीजक निघते, २,००,००० मूल्य आणि ३६,००० कर. गिऱ्हाईक साधे कुटुंब, नोंदणी नसलेले; म्हणून बीजकाची रक्कम किरकोळ विक्रीच्या तक्त्यात पूर्णच दाखवावयाची. मग हा कर दोनदा नाही का होत? होऊ नये म्हणूनच 11B हा तक्ता आहे. ज्या आगाऊ रकमांवर मागे कर भरला आणि ज्यांचे आता बीजक झाले, त्या तेथे वजा दाखवावयाच्या : मूल्य १,५०,००० आणि कर २७,०००. छत्तीस हजारांतून सत्तावीस हजार गेले, उरले ९,००० रुपये. तेवढेच २० मार्चपर्यंत भरावयाचे. नोव्हेंबरचे नऊ, जानेवारीचे अठरा आणि फेब्रुवारीचे नऊ मिळून छत्तीस हजार. एक पैसा जास्त नाही, एक पैसा कमी नाही. फरक आहे तो केवळ वेळेचा.

वेळ चुकली तर?

पुष्कळ मंडपवाले म्हणतात, 'अखेर कर तर पूर्ण भरला ना? मग लग्न झाल्यावर एकदम भरला म्हणून काय बिघडले?' बिघडते ते असे. कलम ५० प्रमाणे उशिरा भरलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज लागते. आपल्या उदाहरणात सर्व ३६,००० रुपये २० मार्चला भरले असे समजा. नोव्हेंबरचे ९,००० रुपये २१ डिसेंबर ते २० मार्च असे ९० दिवस उशिरा गेले. त्यावर व्याज सुमारे ३९९ रुपये. जानेवारीचे १८,००० रुपये २८ दिवस उशिरा. त्यावर सुमारे २४९ रुपये. एका लग्नामागे साधारण ६४८ रुपये झाले. रक्कम लहान दिसते. पण एका हंगामात चाळीस लग्ने घेणाऱ्याला अशाच प्रमाणात ती पंचवीस हजारांच्या पुढे जाते, आणि हे व्याज गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही. ते मालकाच्याच नफ्यातून जाते.

त्याहून मोठा धोका हाती असलेल्या पैशाचा आहे. तुळशीच्या लग्नानंतर इसार येऊ लागतात आणि त्याच सुमारास मंडपवाल्याला कापड, बांबू, दिव्यांच्या माळा आणि मजुरांची उचल यांसाठी पैसा लागतो. ५९,००० आले म्हणून तो ५९,००० खर्च करतो. पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्यातले ९,००० रुपये सरकारचे होते हे कळते, तेव्हा ते कापडात अडकलेले असतात. म्हणून मी नेहमी सांगतो की, इसार आला की त्याचे दोन भाग वहीतच करून ठेवावेत. गिऱ्हाइकाच्या आगाऊ खात्याला पूर्ण ५९,००० जमा. आणि त्याच वेळी 'आगाऊ रकमेवरील कर' असे एक खाते ९,००० ने नावे टाकून केंद्राचा कर आणि राज्याचा कर यांच्या खात्यांना साडेचार-साडेचार हजार जमा. बीजक झाले की हे मधले खाते उलट नोंदीने शून्य होते. उत्पन्न मात्र फेब्रुवारीतच लिहावयाचे. अशा रीतीने जमाखर्चाचा नियम आणि कराचा नियम दोन्ही एकाच वहीत सुखाने नांदतात.

चूक झाली आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. महिन्याच्या शेवटी गिऱ्हाइकांच्या आगाऊ खात्यातली एकूण जमा शिल्लक घ्यावी, तिला १०० ने गुणून ११८ ने भागावे. येणारा आकडा 11A मधील आजवरच्या मूल्यांची बेरीज वजा 11B मधील आजवरची बेरीज याच्याशी जुळला पाहिजे. आपल्या उदाहरणात ३१ जानेवारीला आगाऊ शिल्लक १,७७,००० रुपये. तिच्यातून मूल्य निघते १,५०,०००, आणि 11A मध्येही तेवढेच दाखविले आहे. जुळले नाही, तर एखादा इसार विवरणपत्रातून सुटला आहे किंवा एखाद्या बीजकाची वजावट राहून गेली आहे, असे समजावे. दर निरनिराळे असतील, तर ही कसोटी प्रत्येक दरासाठी वेगळी लावावी.

फर्निचरवाल्याला सूट का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्याच रस्त्यावरच्या फर्निचरवाल्याने तयार कपाटासाठी त्याच दिवशी ५९,००० रुपये इसार घेतला, तर त्याला नोव्हेंबरात काहीही भरावे लागत नाही. असे का?

१ जुलै २०१७ रोजी हा कर लागू झाला तेव्हा वस्तू आणि सेवा दोहोंच्याही आगाऊ रकमेवर कर होता. सेवाकर भरणाऱ्यांना त्यात नवल नव्हते. २०११ च्या नियमांपासून सेवाकरात आगाऊ रकमेवर कर भरण्याची पद्धत रुळलेली होती. परंतु माल विकणाऱ्यांना ही गोष्ट अगदी नवी होती. विक्रीकरात आणि पुढे मूल्यवर्धित करात कर विक्रीवर असे, इसारावर नसे. लहान व्यापाऱ्यांची अडचण पाहून १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना मालाच्या आगाऊ रकमेवरील करातून मोकळे केले. महिन्याभरातच, १५ नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेने, ही सवलत मालाच्या बाबतीत उलाढालीची अट न ठेवता दिली. आपसमेळ योजनेतील व्यापारी यातून वगळले आहेत. त्यांची पद्धतच निराळी. तेव्हापासून मालाचा कर बीजकाच्या वेळी, किंवा बीजक देणे ज्या दिवशी कायद्याने आवश्यक होते त्या दिवशी, यांपैकी जे आधी असेल तेव्हा. सेवेला ही सवलत मिळाली नाही. मंडपवाला आणि फर्निचरवाला यांच्यातला फरक एवढ्याच इतिहासाचा आहे.

पण फर्निचरवाल्यानेही दोन बाबतींत सावध राहावे. पहिली, इसाराच्या वेळी हौसेने पूर्ण बीजक फाडू नये. सवलत आगाऊ रकमेला आहे, बीजकाला नाही. बीजक निघाले की कर देय झाला. दुसरी, आपण नक्की काय विकतो हे पाहावे. दुकानातले कपाट हा माल. पण गिऱ्हाइकाच्या घरात भिंतीला कायमचे बांधून देण्याचे काम, ज्यात साहित्य आणि मजुरी दोन्ही येतात, ते स्थावर मालमत्तेवरील कंत्राटी काम ठरू शकते, आणि असे काम कायद्याने सेवा मानले आहे. मग त्याच्या इसारावर मंडपवाल्याचाच नियम लागतो. वातानुकूलन यंत्र विकणाऱ्याचेही असेच : यंत्राचा इसार मोकळा, पण वर्षाच्या देखभालीच्या कराराचे पैसे आगाऊ घेतले तर त्यावर लगेच कर.

अनामत निराळी, आगाऊ निराळी

मंडपवाले पातेली, खुर्च्या आणि गाद्या देताना दहा-वीस हजारांची अनामत घेतात. सामान नीट परत आले की ती परत देतात. ही अनामत कामाचा मोबदला नसते. कलम २ मधील मोबदल्याच्या व्याख्येतच म्हटले आहे की, पुरवठादार अनामत रक्कम मोबदला म्हणून वळती करून घेईपर्यंत ती मोबदला मानावयाची नाही. म्हणून तिच्यावर घेताना कर नाही. मात्र लग्नानंतर बाकी बिलात ती वळती करून घेतली, तर त्या दिवशी ती मोबदला झाली. केवळ वहीत 'डिपॉझिट' असे नाव दिल्याने इसार अनामत होत नाही. ती परत द्यावयाची होती की बिलात धरावयाची, हा खरा प्रश्न. आणि तो करारपत्रात लिहिलेला असला म्हणजे वाद होत नाही.

लग्न मोडले तर?

सर्वांत अवघड प्रसंग हा. समजा, नोव्हेंबरचे ९,००० रुपये भरून झाले आणि डिसेंबरअखेर कुटुंबाने काम रद्द केले. ठरल्याप्रमाणे मंडपवाल्यांनी ११,८०० रुपये रद्दीचा आकार म्हणून ठेवून घेतले आणि ४७,२०० परत केले.

परत केलेल्या रकमेसाठी 'परतावा व्हाउचर' द्यावयाचे. ते देता येते, कारण बीजक निघालेले नाही. ठेवून घेतलेल्या ११,८०० रुपयांवर मात्र कर राहतोच. रद्दीचा आकार हा मूळ सेवेच्याच दराने करपात्र आहे, असा खुलासा ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात आहे. म्हणून त्यातील १,८०० रुपये कर सरकारकडे राहील. उरलेले ७,२०० रुपये जास्त भरलेला कर म्हणून परत मागता येतात. त्यासाठी RFD-01 हा अर्ज आहे, आणि मुदत कर भरल्यापासून दोन वर्षांची. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने समारंभ रद्द होत होते त्या दिवसांत, निघालेल्या परिपत्रकात हा मार्ग स्पष्ट सांगितला आहे. बीजक आधीच निघाले असते, तर मात्र रस्ता वेगळा होता : क्रेडिट नोट देऊन त्याच विवरणपत्रातून कर कमी करावयाचा. पण ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच, आणि त्यापूर्वी वार्षिक विवरणपत्र भरले असेल तर तेवढ्यातच.

गिऱ्हाइकाच्या बाजूचेही एक सांगून ठेवतो. एखाद्या कारखान्याने आपल्या वार्षिक समारंभासाठी मंडप ठरवून आगाऊ पैसे दिले, तर पावती व्हाउचरवर कर लिहिलेला दिसतो. म्हणून कारखान्याचा लेखनिक त्याच महिन्यात त्या कराची वजावट घेऊ पाहतो. ती मिळत नाही. कलम १६ प्रमाणे वजावटीसाठी बीजक हाती हवे आणि सेवाही प्रत्यक्ष मिळालेली हवी. देणाऱ्याचा कर इसाराबरोबर सुरू होतो, घेणाऱ्याची वजावट मात्र काम झाल्यावर. मधल्या काळात ती रक्कम दोघांच्याही हाती नसते. मोठी आगाऊ रक्कम मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने दोघांनीही हे धरूनच हप्ते ठरवावेत.

सारांश, नोकरीत पहिल्या दिवशी विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत : हा इसार मालाचा की सेवेचा, तो परत द्यावयाचा की बिलात धरावयाचा, आणि तो वहीत व बँकेत यांपैकी आधी कोठे आला? या तीन उत्तरांवरून कोणत्या महिन्यात कर भरावयाचा हे ठरते. मग ११८ ने भागाकार तेवढा उरतो.